अनुभव धागा: क्रेडिट कार्डाची बॅलन्स ट्रान्सफर ऑफर तपासताना

सुपारी_कातर
सकाळी मेसेज आला: "दुसऱ्या कार्डाची थकबाकी आमच्या कार्डावर आणा, 60 दिवस शून्य टक्के व्याज, प्रोसेसिंग फी फक्त 2%." पूर्वी हेच फोनवर गोड आवाजात ऐकवायचे, ते आठवलं, म्हणून धागा काढला. ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी आकड्यांसकट लिहा. सुरुवात मीच करते.

समजा जुन्या कार्डावर 60,000 थकलेत आणि व्याज महिना 3.5%. व्याजावर 18% जीएसटी धरला की 4.13% पडतं. महिन्याला 20,000 भरता येतात. जुन्याच कार्डावर राहिलं तर फिटायला चार हप्ते लागतात आणि व्याजात साधारण 5,450 जातात. ऑफर घेतली तर फी 1,200, त्यावर जीएसटी 216, म्हणजे 1,416. दोन महिन्यांत 40,000 भरले की 21,416 उरतात आणि त्यांना नव्या कार्डाचा नेहमीचा दर लागतो. तोही 3.5% धरला तर एकूण खर्च 2,395 च्या आसपास. तीनेक हजार वाचतात. मात्र नव्या कार्डावर दुसरं काहीच घेतलं नाही तरच.

माळावरचा
2 टक्के म्हणजे काहीच नाही की! पर्सनल लोन 14 ला मिळतं. डोळे मिटून घ्या.

सुपारी_कातर
@माळावरचा ते 14 वर्षाचे आहेत आणि हे 2 दोन महिन्यांचे. जीएसटीसकट 2.36%, वर्षाला लावले तर 14 च्या वरच. शिवाय 30 व्या दिवशी 20,000 भरले की पैसे सरासरी 50,000 च वापरले जातात, फी मात्र पूर्ण 60,000 वर. मग दर 17 च्या घरात जातो. 42 टक्क्यांच्या कार्ड व्याजापुढे तरीही स्वस्तच, पण "काहीच नाही" नव्हे.

माळावरचा
बरं. म्हणजे लोन मिळत असेल तर आधी लोन.

सुपारी_कातर
दोन महिन्यांत फिटणार असेल तर लोनचीही प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी बंद करायचे चार्जेस धरून बघा. तिथे तुमचं म्हणणं पालटू शकतं.

हिरवी_मिरची_ठेचा
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. शून्य टक्क्याच्या ऑफरमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा होतो. 60 दिवस ट्रान्सफर बुक झाल्यापासून मोजतात, स्टेटमेंटपासून नाही. नव्या कार्डाचं स्टेटमेंट 5 तारखेला, भरायची तारीख 25. ट्रान्सफर 8 ऑगस्टला झालं तर मुदत 7 ऑक्टोबरला संपते. पहिलं स्टेटमेंट 5 सप्टेंबरचं, ते 25 सप्टेंबरला भरलं, ठीक. दुसरं 5 ऑक्टोबरचं, त्यावर भरायची तारीख 25 ऑक्टोबर छापलेली. माणूस 25 ची वाट बघतो आणि मधल्या 18 दिवसांचं व्याज लागतं. म्हणून छापलेल्या तारखेकडे न बघता 7 च्या आधी पैसे जमा करायचे.

आणि पहिल्या स्टेटमेंटमध्ये फीसुद्धा येते, मिनिमम ड्यू भरताना ती लक्षात घ्या. मिनिमम चुकलं तर लेट फी लागतेच, वर बऱ्याच ठिकाणी सवलतीचा दरही काढून घेतात. शिट्टी झाली, येते परत.

सदाशिव_पेठी_चष्मा
होम लोनचं बीटी, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर, करतोय. नवी बँक एमओडी, म्हणजे घराची कागदपत्रं तारण ठेवल्याच्या नोंदीचे, चार्जेस वेगळे मागतेय. हे बरोबर आहे का?

माळावरचा
काका, हा धागा कार्डाचा आहे 😀

सदाशिव_पेठी_चष्मा
बीटी बीटीच ना. असो. विचारलेलं तसंच राहू दे, कोणाला माहीत असेल तर सांगा.

कोरा_चेक
दोन्ही बाजूंच्या एमआयटीसी, म्हणजे कार्डाच्या महत्त्वाच्या अटी, काढून वाचा. बँकेच्या साइटवर तळाशी पीडीएफ असते, मी सांगतो ते त्यातच आहे.

पहिलं, जुनं कार्ड. पैसे पोचायला काही दिवस लागतात, तोवर तिथलं मिनिमम आपणच भरायचं. शिवाय स्टेटमेंटवरचा आकडा भरला म्हणजे खातं शून्य झालं असं नाही. स्टेटमेंट 1 तारखेचं आणि पैसे 12 ला जमा झाले, तर 11 दिवसांचं व्याज मागे उरतं. 60,000 वर रोजचे 69 रुपये, म्हणजे 759, जीएसटीसकट 896. हे पुढच्या स्टेटमेंटला येतं. लोक कार्ड कपाटात टाकतात आणि त्या 896 वर लेट फी चढते, सिबिलवर उशीर दिसतो तो वेगळा. तेव्हा पुढची दोन स्टेटमेंट उघडून बघा.

दुसरं, नवं कार्ड. त्यावर ट्रान्सफरची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. 10,000 चा किराणा घेतला तर त्याच दिवसापासून व्याज, महिन्याला 413. वर भरलेले पैसे कुठल्या क्रमाने वळते होतात ते बघा. काही कागदांत क्रम असा आहे: आधी फी, मग व्याज, मग ट्रान्सफरची बाकी, मग खरेदी. म्हणजे तुमचे 20,000 शून्य टक्केवाल्या रकमेत जातात आणि 42 टक्केवाला किराणा तसाच वाढत राहतो. ऑफर तोट्यात जाते ती इथे.

एडिसनची_आजी
@कोरा_चेक अमेरिकेत हे उलटं आहे. 2009 च्या कार्ड कायद्यानंतर मिनिममच्या वर जे भराल ते आधी जास्त दराच्या रकमेत जातं. फी 3 ते 5%, पण मुदत 12-18 महिन्यांची असते, म्हणून गणित सोपं: रक्कम अधिक फी भागिले महिने, तेवढं ऑटोपे. तिकडचे नियम इकडे लावून बघू नका, मुलं व्हॉट्सअॅपवर अमेरिकन व्हिडिओ पाठवत असतात.

माळावरचा
आजी, गणपतीला येताय का या वर्षी?

एडिसनची_आजी
तिकीट बघतेय. दर बघून बसावंसं वाटतं.

नुसती_पिशवी
माझे 22,000 आहेत, महिन्याला 11,000 जमतात. करू का?

हिरवी_मिरची_ठेचा
आले. @नुसती_पिशवी 2% फी 440, पण बऱ्याच ऑफरमध्ये कमीत कमी फी असते, समजा 500, जीएसटीसकट 590. जुन्या कार्डावर दोन-तीन महिन्यांत व्याज साधारण 1,450. वाचतात 850-900, त्यातून जुन्या कार्डाचं मागे उरलेलं व्याज वजा. एवढ्यासाठी नवं कार्ड काढायचं असेल तर सोडा. हातात कार्ड आहे आणि रिकामं आहे तर करा. लिमिटही बघा, पूर्ण लिमिट ट्रान्सफरला देत नाहीत.

नुसती_पिशवी
कार्ड आहे, पण वीजबिल आणि गॅस त्यावर ऑटोमध्ये आहेत.

कोरा_चेक
मग आधी ते दुसरीकडे हलवा. बिल 1,800 चं असलं तरी तोच प्रकार होणार.

माळावरचा
जुन्या बँकेलाच फोन करून थकबाकीचा ईएमआय करून घेतला तर? 1.5% महिना म्हणतात.

कोरा_चेक
फ्लॅट की रिड्युसिंग, म्हणजे व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या बाकीवर, ते विचारा. फ्लॅट असेल तर खरा दर दुपटीच्या जवळ जातो. रिड्युसिंग असेल आणि सहा महिने लागणार असतील, तर 60 दिवसांच्या शून्यापेक्षा तेच बरं पडू शकतं.

हिरवी_मिरची_ठेचा
मला नाही पटत. मध्येच बोनस आला आणि बंद करायचा म्हटला तर 3% आणि जीएसटी मागणारेही आहेत. ट्रान्सफरमध्ये लवकर भरायला कोणी अडवत नाही.

कोरा_चेक
बोनस येणार असेल तर तुमचं खरं. नाही तर माझं.

सदाशिव_पेठी_चष्मा
एमओडीचं कोणी सांगितलंच नाही.