मदत हवी आहे: जाहिरात न निघणाऱ्या जागा कॉलेजच्या ओळखीतून कशा कळतात? (अनोळखी लोकांना पिडायचं नाहीये)

केतकी_भोसरी

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलची, चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत चार वर्षं क्वालिटीला आहे. आमच्याकडे ॲल्युमिनिअमची कास्टिंग्ज येतात, मशिनिंग करून आम्ही पुढे देतो. रोजचं काम म्हणजे कस्टमर कंप्लेंटचे ८डी, पीपीएपीची कागदपत्रं आणि आमच्या फाउंड्रीवाल्यांच्या मागे लागणं. यातलं शेवटचं मला मनापासून आवडतं, म्हणून आता सप्लायर क्वालिटीत जायचंय, गाड्या बनवणाऱ्या कंपनीत किंवा चांगल्या टियर-वनमध्ये.

पोर्टलवर या जागा क्वचित दिसतात. दिसल्या तर एजन्सीचा फोन येतो, पगार विचारतात आणि गायब होतात. परवा कळलं की तळेगावच्या एका कंपनीत नेमकी अशीच जागा भरली गेली आणि घेतलेला मुलगा आमच्याच कॉलेजचा, मला दोन वर्षं सीनिअर. जाहिरात कुठेच आली नव्हती.

माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे रेझ्युमे टाकला की दोन अंगठे मिळतात आणि पुढच्या मिनिटाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. लोकांच्या इनबॉक्समध्ये "सर प्लीज रेफर मी" करत फिरायची मला लाज वाटते. मग विचारायचं कुणाला, काय आणि कधी?

अजून एक गुंता आहे. मला जिथे जायचंय त्यातल्या एका कंपनीला आम्हीच माल पुरवतो.

रॉकेट_राजू

ताई, लाज सोडा. हा सगळा नंबर गेम आहे. लिंक्डइनवर रोज वीस जणांना रिक्वेस्ट पाठवायच्या, एकच मेसेज कॉपी-पेस्ट. आधी कंपनीच्या साइटवर अर्ज टाकून ठेवायचा आणि मग रेफरल मागायचं, म्हणजे समोरच्याला काम सोपं. रेफरल लागलं की इंटरव्ह्यू नक्की. माझं असंच झालं (आयटी, खराडी).

सुमेधाची आई

माझ्या मुलीचं बीसीए झालंय, फ्रेशर आहे. वरच्या राजूदादांनी किंवा कुणी खराडी-हिंजवडीला रेफर केलं तर फार उपकार होतील. रेझ्युमे व्यनि करू का?

आकुर्डीकर

केतकी, मी प्लांट क्वालिटीतून निवृत्त झालो. माणसं घेण्याच्या टेबलावर बरीच वर्षं बसलोय, म्हणून जागा तयार कशी होते ते आधी सांगतो. ते कळलं की कुणाला विचारायचं हे आपोआप कळेल.

समज, एका सप्लायर क्वालिटीवाल्याने राजीनामा दिला. आपल्याकडे नोटीस दोन-तीन महिन्यांची. पहिल्या दिवशी हे फक्त त्याच्या मॅनेजरला आणि शेजारच्या टेबलांना माहीत असतं. मग जागा भरायची की काम इतरांत वाटायचं यावर चर्चा होते. मंजुरीचा कागद वर जाऊन येतो. त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांत ती जागा आधी आतल्या लोकांसाठी उघडतात, मग रेफरल मागवतात, आणि तरी नाही भरली तर पोर्टल आणि एजन्सी. तुला पोर्टलवर जे दिसतं ते शेवटचं पान. त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत मॅनेजर टीमलाच विचारत असतो, "कुणी ओळखीचं आहे का रे?" तुझा तो सीनिअर त्याच वेळी कुणाच्या तरी डोक्यात होता. लपवाछपवी यात काहीच नसते.

म्हणून एचआरला किंवा व्हाइस प्रेसिडेंटला लिहून फायदा नाही. तुला हवाय तो त्या टीममधला किंवा शेजारच्या टीममधला, तुझ्यापेक्षा दोन ते सहा वर्षं पुढचा माणूस. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजच्या पानावर Alumni असा विभाग असतो. तिथे शहर, कंपनी आणि कामाचं क्षेत्र निवडता येतं. पुणे, ती कंपनी आणि क्वालिटी एवढं लावलं की गर्दी गळून मोजकी नावं उरतात. त्यातली चार-पाच नीट वाच आणि एका कंपनीत एका वेळी एकालाच लिही. एकाच खोलीतल्या तिघांना एकच मेसेज गेला की ते जेवताना एकमेकांना दाखवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वेळ म्हणशील तर, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वर्ष एप्रिलला सुरू होतं, वाढीची पत्रं एप्रिल-मेमध्ये हातात पडतात. बोनस जमा झाला की राजीनामे येतात. त्यामुळे मे ते जुलै कान उघडे ठेव. फेब्रुवारी-मार्चमध्ये बजेट संपत आलेलं असतं, तेव्हा चांगल्या माणसालाही "एप्रिलनंतर बघू" असंच ऐकावं लागतं.

राजू, तुमच्या एका मुद्द्यावर थांबतो. आधी साइटवर अर्ज केला की उमेदवार कंपनीच्या सिस्टिममध्ये "स्वतःहून आलेला" म्हणून नोंदला जातो. एजन्सीमार्फत गेला तर एजन्सीच्या नावावर. मग बऱ्याच कंपन्यांत काही महिने तोच माणूस कर्मचाऱ्याच्या रेफरलमध्ये टाकता येत नाही. नियम कंपनीगणिक वेगळे, पण क्रम उलटा ठेवणं शहाणपणाचं: आधी बोलणं, मग अर्ज. केतकी, एजन्सीला फोनवर "हो, पाठवा" म्हणण्याआधी कंपनीचं नाव विचारत जा.

रॉकेट_राजू

काका, आमच्याकडे चाललं होतं हो. पण तुम्ही म्हणताय तर असेल.

निवांत_नऱ्हे

मी दुसऱ्या बाजूला बसलेला, म्हणजे ज्याला असे मेसेज येतात तो. "रेफरल म्हणजे इंटरव्ह्यू नक्की" हे खरं नाही. रेफरलने तुमचा कागद ढिगाच्या वर येतो आणि रिक्रूटर तो उघडतो, एवढंच. ओळख नसताना कंपनीच्या रेफरल पोर्टलवर नाव टाकलं तर "या उमेदवाराला तुम्ही कसे ओळखता" या रकान्यात मी काय लिहू? "कॉलेज सेम" लिहिलं की समोरचा समजून जातो. शिवाय आमच्याकडे रेफरलचे पैसे नवा माणूस रुजू होऊन काही महिने टिकला तरच मिळतात, त्यामुळे पैशांसाठी म्हणून कुणी अनोळखी माणसाला पुढे करेल ही अपेक्षा नको.

"काही ओपनिंग आहे का?" याला मी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, कारण त्या दिवशी खरंच नसते. पण माझ्या कामाबद्दल दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा प्रश्न आला तर मी देतो. आणि पुढे जागा निघाली की ते नाव आठवतं.

सुमेधाच्या आई, राग मानू नका. मुलीला स्वतः लिहू द्या. पालकांकडून आलेला रेझ्युमे पुढे जात नाही. तिच्यासाठी वेगळा धागा काढा, फ्रेशर भरतीचं गणित वेगळं आहे.

केतकी_भोसरी

आकुर्डीकर काका, निवांत, खूप आभार. हा मसुदा केलाय, फाडून टाका:

"नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजची, सध्या क्वालिटी इंजिनिअर, चार वर्षांचा अनुभव. आपल्या कंपनीत सप्लायर क्वालिटीमध्ये काम करण्याची खूप इच्छा आहे. काही संधी असल्यास कृपया कळवावे. रेझ्युमे जोडला आहे."

आकुर्डीकर

फाडतो. यात तू कोण आहेस ते कळत नाही. क्वालिटी इंजिनिअर चाकणमध्ये दगड मारला तरी सापडतात. तुझ्या हातून झालेलं एखादं फाउंड्रीचं काम सांग बघू.

केतकी_भोसरी

कास्टिंगमध्ये पोरॉसिटी यायची आणि आमच्याकडे मशिनिंगनंतर लीक टेस्टला पार्ट पडायचे. फाउंड्रीत बसून डाय टेंपरेचर आणि व्हेंटिंगवर काम केलं. रिजेक्शन ६ टक्क्यांवरून दीडच्या आसपास आलं.

आकुर्डीकर

हेच लिहायचं! हे तुझ्या पोटात होतं आणि तू "खूप इच्छा" लिहीत बसलीस. बघ असं. (इंग्रजीत लिही, इथे मराठीत देतोय.)

"नमस्कार, मी आपल्या कॉलेजची, चाकणला मशिनिंग व्हेंडरकडे क्वालिटीत. आमच्या फाउंड्रीत बसून लीक रिजेक्शन ६ वरून दीड टक्क्यावर आणलं. सप्लायर क्वालिटीकडे वळायचा विचार आहे. एकच प्रश्न: तुमच्याकडे हे काम कास्टिंग, फोर्जिंग असं पार्टनुसार वाटलेलं असतं की गाडीच्या प्रोजेक्टनुसार? त्यावर मी पुढे काय शिकायचं ते ठरेल. सवडीने कळवा."

रेझ्युमे जोडू नकोस, मागतील तेव्हा दे. लिंक्डइनच्या रिक्वेस्टसोबतची नोट फार छोटी असते, तिथे पहिली दोन वाक्यं आणि प्रश्न बसव. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकच आठवण, मग त्या माणसाला सोड. उत्तर आलं तर आभार मान आणि त्याने सांगितलेलं काही केलंस की महिन्या-दोन महिन्यांनी दोन ओळीत कळव. तिसऱ्या बोलण्यात बहुधा तोच विचारतो, "रेझ्युमे पाठव." तेव्हा एक पानी पीडीएफ, जागेचा आयडी असेल तर तो आणि त्याला जसाच्या तसा चिकटवता येईल असा तीन ओळींचा परिचय, हे एकाच मेलमध्ये तयार हवं.

निवांत_नऱ्हे

एक भर. ज्यांनी ती कंपनी नुकतीच सोडली त्या माजी विद्यार्थ्यांनाही बघा. ते मोकळेपणी बोलतात आणि त्यांची खुर्ची रिकामी असते.

आकुर्डीकर

मोकळेपणी बोलतात हे खरं. खुर्चीचं तितकंसं नाही. माणूस लिंक्डइन बदलतो नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर, तोवर नोटीसचे तीन महिने गेलेले असतात आणि बदली माणूस ठरलेला असतो. नसेल ठरला तर बऱ्याचदा जागाच गोठवलेली असते. मॅनेजर कसा आहे हे विचारायला मात्र तोच उत्तम.

निवांत_नऱ्हे

आमच्याकडे गेल्या वर्षी माणूस गेल्यावर चार महिन्यांनी मंजुरी आली. तेव्हा सरसकट म्हणू नका काका.

केतकी_भोसरी

आणि कस्टमर कंपनीचं काय? त्यांचे सप्लायर क्वालिटीवाले ऑडिटला आमच्याकडे येतात, माझं काम त्यांनी पाहिलंय. ओळख आहेच, अनोळखी कुणी नाही.

टॉर्क_रेंच

मग सरळ त्यांनाच विचार. त्यांच्याइतकी तुझी पारख कॉलेजच्या कुठल्याच सीनिअरला नाही. मी असाच गेलो.

आकुर्डीकर

मी सावध राहीन. अनेक कंपन्या आपल्या व्हेंडरची माणसं व्हेंडरच्या संमतीशिवाय घेत नाहीत. कुठे हे लेखी असतं, कुठे नुसता संकेत. म्हणजे तुझं नाव पुढे गेलं की पहिला फोन तुझ्या मालकाला जाऊ शकतो. आधी तुझं नेमणूकपत्र वाच, त्यात कस्टमरकडे जाण्याबद्दल काही कलम आहे का बघ. आणि ऑडिटच्या दिवशी, प्लांटमध्ये, कंपनीच्या मेलवरून अजिबात नको.

टॉर्क_रेंच

माझ्या वेळी असा फोन कुणी केला नव्हता. पण मी मधे सहा महिने दुसरीकडे होतो, हेही खरं.

केतकी_भोसरी

नेमणूकपत्र घरी आहे, रात्री बघते. तोवर रांजणगावच्या एका सीनिअर ताईंना वरचा मेसेज पाठवला. त्यांच्याकडे काम पार्टनुसार वाटलेलं आहे आणि कास्टिंग बघणारे सध्या दोघेच आहेत, एवढं उत्तर आलंय. यावर लगेच काही विचारू की थांबू?

निवांत_नऱ्हे

आभार माना आणि थांबा. दोघेच आहेत हे त्यांनी आपणहून सांगितलंय.