मदत हवी आहे: विलंबित संमतीचं समर्थन समितीपुढे कसं मांडावं?

नमस्कार मंडळी. आमच्या औषधचाचणीच्या प्रोटोकॉलमध्ये मिडाझोलाम देऊनही न थांबणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांसाठी लेव्हेटिरॅसिटाम आणि फेनिटॉइन यांची तुलना आहे. दोन्ही औषधं रोजच्या वापरातली आहेत. रुग्ण बेशुद्ध असतो आणि दुसरं औषध काही मिनिटांत सुरू करावं लागतं, म्हणून आधी उपचार आणि नंतर संमती, असं ठरवलं आहे. लहान मुलांमधल्या 'एक्लिप्स' चाचणीतही हीच पद्धत होती.

नीतिमत्ता समितीचा पहिला आक्षेप असा की नातेवाईक दाराशीच उभे असतात, मग त्यांना का विचारायचं नाही? माझं म्हणणं असं की माहितीपत्रक समजावण्यात वेळ गेला तर उशिराचा धोका रुग्णालाच. शिवाय झटके चालू असताना घाईत घेतलेली सही ही खरी संमती नव्हेच. शुद्धीवर आल्यावर रुग्णाला स्वतः विचारू, तोवर नातेवाईकांना. नकार आला तर पुढची माहिती गोळा करणं थांबवू.

खरा पेच मृत्यूचा आहे. संमतीआधीच रुग्ण दगावला आणि त्याची माहिती वगळली, तर सर्वांत गंभीर रुग्णच निष्कर्षातून गळतील आणि औषध आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसेल. पण शोकात असलेल्या कुटुंबाकडे सही मागायला मन धजत नाही. अशा वेळी माहिती संमतीविना ठेवायची परवानगी कुणी मिळवली आहे का? कुटुंबाला कधी आणि कोणी कळवायचं, हे प्रोटोकॉलमध्ये नेमकं कसं लिहिलंत?