मदत हवी आहे: पहिल्या रात्रीबद्दल होणाऱ्या पत्नीशी आधी बोलावे का?

रंकाळाकाठ: पुढच्या रविवारी माझे लग्न आहे. मित्रांनी ‘पहिल्याच रात्री जमले पाहिजे’ असे डोक्यात भरवले असून एकाने गोळीही आणून दिली आहे. त्यातच आत्याने आईजवळ सकाळच्या चादरीचा विषय काढला. मुलीशी बोलावे का आणि कसे? कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_डॉक्टर: गोळी कोणती? वय, आजार? मुलीशी आजवर कितपत बोलणे झाले आहे?

रंकाळाकाठ: मी २९, ती २६. आजार नाही. गोळी सिल्डेनाफिल, १०० मिलिग्रॅमची. रोज फोन होतो, पण हॉल आणि खरेदीपलीकडे आम्ही जात नाही. सत्यनारायण, मग जोतिबा आणि अंबाबाईचे दर्शन, आणि त्याच रात्री पाहुण्यांनी भरलेल्या घरात आमची खोली.

कोकणप्रेमी: गणपतीपुळ्याला खोली आत्ताच घ्यावी, सुट्ट्यांत मिळत नाही.

निवृत्त_डॉक्टर: त्यांनी ते विचारलेले नाही. ही मात्रा कमाल आहे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. डोके दुखते, चेहरा तापतो, आणि मनातली भीती तर तशीच राहते. जागरणाने थकलेल्या, धास्तावलेल्या पुरुषाला त्या रात्री ताठरता न येणे हा आजार नव्हे.

कागलचा_पाटील: चादरीचे सोपे आहे. सायकल चालवल्याने पडदा फाटतो, एवढे आत्याला सांगावे.

निवृत्त_डॉक्टर: म्हणजे जिने सायकल चालवली नाही तिला रक्त आलेच पाहिजे, असे आत्या म्हणतील! तो पडदा म्हणजे लवचीक घडी असते, तिला मुळातच वाट असते, आणि अनेकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही. आले तर ते पुष्कळदा घाईमुळे किंवा कोरडेपणामुळे. कौमार्य तपासणीला शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. वेदना झाल्यास थांबावे, ‘पहिल्यांदा दुखतेच’ म्हणून रेटू नये.

सासुरवाशीण: माझे पती त्या रात्री ‘आज नको’ एवढेच म्हणून झोपले. मला हायसे वाटले, पण मी त्यांना आवडले नाही की काय, या विचाराने पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. म्हणून कारणासकट सांगा: ‘तुम्ही मला आवडता, पण आपण अजून अनोळखी आहोत, त्या रात्री नुसते बोलत बसलो तर चालेल का?’ आणि हे आधीच, फोनवर.

कागलचा_पाटील: फोनवर तिच्या शेजारी आई बसलेली असणार. समोरासमोरच बोलावे.

सासुरवाशीण: तिला एकटी असताना फोन करायला सांगता येते. बंद खोलीत प्रथमच विचारले तर बिचारी कशालाही ‘हो’ म्हणेल.

रंकाळाकाठ: काल बोललो. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की तिलाही तेच हवे होते, फक्त विचारायचे धाडस नव्हते. पुढे तिनेच विचारले, ‘सकाळी तुमच्या आत्यांना उत्तर कोण देणार?’ आईला सांगू का?

सासुरवाशीण: आईला पुढे करू नका. आत्या तुमच्या आहेत.

कागलचा_पाटील: लग्नाच्या तोंडावर आत्याशी वाद घालणे मला पटत नाही.