मदत हवी आहे – पडून राहिलेल्या १४० कुर्त्यांचं काय करू?

लक्ष्मी रोडला छोटं दुकान आहे, मागच्या दिवाळीचे १४० कुर्ते अजून माळ्यावर पडलेत, खरेदी ४०० ची, म्हणजे ५६,००० अडकलेत. २०% सूट लावली तर महिन्यात फक्त सहा गेले, आणि आता घडीवर रंग उडायला लागलाय. लॉटवाला ११० ने सगळे उचलतो म्हणतोय. सीए म्हणतात राइट-ऑफ करून फेकलेस तर घेतलेलं जीएसटी क्रेडिट, पीसमागे २० रुपये, परत भरावं लागेल, तोट्यात का होईना पण बिल करून विकलंस तर नाही. मग थेट ५०% लावून महिनाभर थांबू की लॉटला देऊन माळा मोकळा करू? कोणी असा माल काढलाय का?