पडद्यांना कापड नक्की किती लागेल? दुकानदार १५ मीटर म्हणतो, शिंपी २२ (मदत हवी आहे)

आंबोळी: नमस्कार मंडळी, मालगुंडला आमच्या घराचं काम गणपतीआधी उरकायचंय आणि पडद्यांपाशी गाडी अडलीये. हॉलची एक खिडकी ६ फूट रुंद, साडेचार फूट उंच, तोंड पश्चिमेला समुद्राकडे, त्यामुळे दुपारी ऊन सरळ आत येतं. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या ४ बाय ४. आयलेटचे पडदे करायचेत. कापड पसंत केलंय ते कॉटनचं, मोठ्या फुलांचं, पन्ना ४८ इंच, ३४० रुपये मीटर. दुकानदाराने सांगितलं १५ मीटर पुरे, शिंपीकाका म्हणाले २२ आणा. ७ मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ २४०० रुपये! कोणाचं धरू? रॉड अजून लावलेला नाहीये.

सागरगोटा: आम्ही तर बांबूची चिकं लावली, पावसात भिजली तरी चालतात. पडदे कशाला हवेत?

आंबोळी: ती ओटीवर लावणार आहोत दादा, पण बेडरूममध्ये रात्री दिवा लावला की बाहेरून सगळं दिसतं, म्हणून कापड हवंच.

टाका_दोरा: ताई, दोघंही खोटं बोलत नाहीयेत. मी १८ वर्षं पडदे शिवतेय. कापड खिडकीच्या मापावर नाही, रॉडच्या मापावर धरायचं. हॉलचा रॉड दोन्ही बाजूंना ६-६ इंच जास्त म्हणजे ८४ इंच. चुण्या नीट पडायला त्याच्या दुप्पट कापड, १६८ इंच, म्हणजे साडेतीन पन्ने, तर ४ घ्या. बेडरूमचा रॉड ६० इंच, दुप्पट १२०, म्हणजे अडीच, तर ३ पन्ने, एकेका बाजूला दीड. दुकानदाराने तिथे दोनच धरलेत. तेवढ्यात खिडकी झाकते पण पडदा ओढला की चादर ताणल्यासारखा सपाट दिसतो.
आता उंची. रॉड खिडकीच्या ६ इंच वर आणि पडदा ६ इंच खाली धरला तर हॉलचा तयार पडदा ६६ इंच आणि बेडरूमचा ६०. वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १२ इंच धरतात, म्हणजे कट ७८ आणि ७२. साधं कापड असतं तर झालं असतं, पण तुमची फुलं मोठी आहेत. एक फूल सुरू झाल्यापासून तेच परत येईपर्यंत किती इंच आहे ते मोजून सांगा.

आंबोळी: आत्ताच दुकानात जाऊन मोजलं, २५ इंच.

टाका_दोरा: मग शिंपीकाकांचे २२ कुठून आले ते कळलं. सगळ्या पन्न्यांवर फुलं एका रेषेत यायची तर कट २५ च्या पटीत हवा. ७८ ला ७५ कमी पडतात म्हणून त्यांनी १०० धरले, म्हणजे हॉलच्या प्रत्येक पन्न्यामागे २२ इंच फुकट. त्यापेक्षा वर साडेचार आणि खाली साडेचार दुमडून ७५ मध्येच बसवायला सांगा. मग सगळे १० पन्ने ७५ चे, ७५० इंच, १९ मीटर. ताग्याची सुरुवात फुलाच्या मधूनच असते म्हणून साडे एकोणीस घ्या.

चिरेबंदी: रॉड स्टीलचाच घ्या, चुंबक चिकटला नाही तर गंजत नाही समजायचं.

टाका_दोरा: नाही हो दादा, २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि समुद्राजवळ त्यावर तांबूस ठिपके येतात. बिलावर ३०४ लिहून घ्या, स्क्रूसकट. हॉलला मध्ये एक ब्रॅकेट हवाच. पडदे दोन बाजूंचे असल्याने तो आड येत नाही.

चिरेबंदी: हे माहीत नव्हतं. पण भिंत चिऱ्याची असेल तर स्क्रू लांब घ्या, जांभा भुसभुशीत असला की छोटा प्लग भोकातच फिरतो. आमचा रॉड पडद्यासकट खाली आला होता.

आंबोळी: चिऱ्याचीच आहे! हिशोब बघा बरं: कापड ६६३०. अस्तर फक्त हॉलला, साडेसात मीटर, १२० ने ९००. शिलाई साध्या पन्न्याला १५०, अस्तराच्या पन्न्याला २३०, मिळून १८२०. रॉड १७ फूट, ११० ने १८७०. एकूण ११,२२०, ब्रॅकेट वेगळे.

टाका_दोरा: बरोबर. आयलेट शिलाईत धरलेत का ते विचारा. अस्तर खालून मोकळं ठेवा, दमट हवेत दोन्ही कापडं एकत्र शिवली की मध्ये ओल राहून बुरशीचे डाग पडतात.

लाटेवरची: कॉटन आहे ना, आधी धुवून घेतलं नाहीत तर आखडेल!

टाका_दोरा: खरंय, पण धुतल्यावर फुलांचं अंतरही आखडेल. ३ टक्के गेलं तर ७५ चे ७३ होतात आणि हॉलचा पडदा २ इंच तोकडा. रॉड लावलेला नाही ते बरं, तो ६ ऐवजी ४ इंचावर घ्या.

आंबोळी: आणि ५ टक्के आखडलं तर? उद्या अर्धा मीटर आणून आधी आणि नंतर मोजते, मग इथे लिहिते. रॉडची भोकं तोपर्यंत पाडत नाही.