मदत हवी आहे: जर्मेनियम तापवल्यावर हॉल व्होल्टेजचं चिन्ह उलटतं

एमएस्सीच्या प्रयोगासाठी पी-टाइप जर्मेनियमची 0.5 मिमी जाडीची चकती आहे. प्रवाह 5 mA, चुंबकीय क्षेत्र 0.2 टेस्ला. खोलीच्या तापमानाला आडवं व्होल्टेज +38 mV येतं, क्षेत्र उलटं केलं की −22 mV. क्षेत्र शून्य असतानाही 8 mV दिसतात, म्हणजे दोन्ही प्रोब नेमके समोरासमोर नाहीत. म्हणून फरकाचा अर्धा, 30 mV, घेतला. p = IB/(etV) यात घालून घन सेंटिमीटरला सुमारे 4.2×10¹⁴ होल येतात. चिन्हही होलचंच. इथवर ठीक.

आता चकती तापवली की हे व्होल्टेज घसरत जातं, साधारण 80 अंश सेल्सिअसला शून्य होतं आणि पुढे उलट्या चिन्हाचं. प्रत्येक तापमानाला क्षेत्र उलटवून पाहिलंय, त्यामुळे प्रोबचा दोष हा नव्हे.

माझा अंदाज असा: उष्णतेने इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या वाढतात, आणि इलेक्ट्रॉनांची चलता होलच्या जवळपास दुप्पट असल्याने संख्येने कमी असूनही ते भारी पडतात. होल चौपट असतानाच व्होल्टेज शून्य व्हायला हवं. तिथे वरचं सूत्र वापरलं तर होलची संख्या अनंत येते, जे उघडच चूक.

मग 60 अंशांच्या पुढे दोन्ही वाहकांची घनता वेगवेगळी कशी काढायची? सोबत रोधकता मोजली तर पुरेल, की चलतांचं गुणोत्तर पुस्तकातूनच घ्यावं लागेल? प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा.