मदत हवी आहे: एका महिन्यात साडेतीन किलो वाढले, खाणं कमी करू का?

मानपाडा_ठाणे
नमस्कार. पहिलंच बाळ, २८ वा आठवडा चालू आहे. उंची १५७ सेंमी, दिवस राहण्याआधी वजन ६१. पहिले तीन महिने उलट्यांनी हैराण केलं, ५८.५ वर उतरले होते. २४ व्या आठवड्यात दवाखान्यात ६२.४ भरलं आणि परवा एकदम ६६. डॉक्टर काट्याकडे बघून म्हणाल्या, "फार भरभर वाढतंय, कंट्रोल करा." बाहेर वीस-पंचवीस जणी ताटकळत होत्या, मीही मुकाट्याने उठले.
सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा. नणंद म्हणते भात-पोळी बंद, रात्री नुसतं सूप. दोन दिवस सूपवर काढले आणि पहाटे तीनला उठून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. संध्याकाळी पावलं सुजतात. नक्की काय करू?

निवांत_वाशी
घाबरू नकोस. सगळ्यांनाच एकूण १० ते १२ किलो वाढायला हवेत. तुझे पाचच झालेत, म्हणजे उलट कमीच. पण पाय सुजलेत म्हणजे बीपी असणार, आजपासून मीठ बंद कर.

खारघरची_आई
माझे १८ वाढले होते. सिझेरियननंतर सहा महिन्यांनी चालायला लागले, तरी आठ किलो अजून तस्सेच आहेत. पोटपट्ट्याचा काही उपयोग नाही, पैसे घालवू नकोस.

मानपाडा_ठाणे
ताई, माझं बाळ अजून पोटातच आहे :)

सिस्टरकाकू
मी २६ वर्षं लेबर वॉर्डात सिस्टर होते, आता घरी बसून नातवंडं सांभाळते.
आधी हिशोब नीट मांडू. वाढ ६१ पासून मोजायची, ५८.५ पासून नाही. उलट्यांत गेलेले अडीच किलो परत आले, त्याला जास्तीची वाढ म्हणत नाहीत. म्हणजे २८ आठवड्यांत पाच किलो.
आता पाच जास्त की कमी, हे आधीच्या वजनावर ठरतं. "सगळ्यांना १० ते १२" असं नसतं. बारीक बाईला १२.५ ते १८ चालतात, मध्यम बांध्याच्या बाईला ११.५ ते १६, वजन आधीच जास्त असेल तर ७ ते ११.५, आणि खूपच जास्त असेल तर ५ ते ९. तुझा बीएमआय येतो पावणेपंचवीस. या तक्त्यात तू मध्यममध्ये बसतेस. पण आपल्याकडे २३ च्या वर जास्त धरायची पद्धत आहे, कारण आपल्या बायकांना कमी वजनातच साखरेचा आजार होतो. तुझ्या डॉक्टर कुठला आकडा धरतात ते त्यांनाच विचार. कुठलाही धरला तरी एकूण पाच हे जास्त नाहीत.
प्रश्न शेवटच्या महिन्याच्या वेगाचा आहे. मध्यम बाईला आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅम पुरतात, तुझे नऊशे पडले. त्यामागे काटा असू शकतो, पाणी असू शकतं किंवा खाणं. मला एवढं सांग: दोन्ही वेळा काटा तोच होता का? सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं असतं का, अंगठी घट्ट होते का? बीपी किती होतं, लघवी तपासली का? आणि गोड पाण्याची टेस्ट झाली का?

मानपाडा_ठाणे
काकू, मागच्या वेळी जुना गोल तबकडीचा काटा होता आणि सकाळची वेळ. या वेळी नवा डिजिटल, जेवून गेले होते, खांद्याला पर्स तशीच! आज सकाळी शेजारच्यांच्या काट्यावर ६५.१ भरलं. अंगठी नेहमीसारखी सैल आहे. पावलं संध्याकाळी सुजतात, सकाळी उतरतात. कार्डवर बीपी ११८/७६ आहे. लघवीचं काही लिहिलेलं नाही. गोड पाणी पाचव्या महिन्यात प्यायले तेव्हा दहा मिनिटांत उलटून पडलं, "नंतर करू" म्हणाले, ते राहूनच गेलं.
खाण्याचं म्हणाल तर एप्रिलपासून वर्क फ्रॉम होम आहे. आधी ऐरोलीला जायचे, ट्रान्स हार्बरचे जिने चढून-उतरूनच दमायचे. आता घरी बसून रोज दोन ग्लास आंब्याचा मिल्कशेक. सासूबाई प्रेमाने करतात, नाही म्हणवत नाही.

सिस्टरकाकू
बघ, पर्स आणि काटा यांतच काही गेले. उरलेले पाण्याचे दिसत नाहीत. पाणी साठतं तेव्हा वजन दोन-चार दिवसांत उडी मारतं, सकाळी तोंड आणि बोटं सुजलेली असतात. संध्याकाळची पावलं या उकाड्यात निम्म्या बायकांची सुजतात. मीठ बंद करून बीपी टळत नाही, ते लोणचं-पापडापुरतं कमी कर. पण आठवड्यात किलोच्या वर गेलं, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांसमोर काजवे आले किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन.
मिल्कशेकचा एक ग्लास, त्यात आख्खा आंबा, दूध, तीन चमचे साखर, म्हणजे सव्वातीनशे कॅलरीच्या आसपास. बाळासाठी दिवसाला जास्तीच्या लागतात साडेतीनशे. पहिल्या ग्लासातच तो कोटा संपला, दुसरा निव्वळ वरचा. भात-पोळी नको सोडूस, शेक सोड. आंबा खायचा तर दोन फोडी, जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळेला. उपाशी राहून आत्ता वजन उतरवायचं नसतं, वेग फक्त कमी करायचा.
आणि गोड पाण्याची टेस्ट याच आठवड्यात. ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत करायची, "नंतर" नाही.

कोपरखैरणे_९
काकू, धागा पळवतेय, माफ करा. माझं उलटंच आहे. ३१ वा आठवडा, उंची १५२, आधी ४४, आत्ता ४८. दोन घास खाल्ले की पोट गच्च आणि अ‍ॅसिडिटी. आई म्हणते बाळ छोटं असलं तर बाळंतपण सोपं.

सिस्टरकाकू
आईला सांग, छोटं बाळ जन्मल्यावर सोपं नसतं, ते काचेच्या पेटीत जातं. तुझे आत्तापर्यंत आठ-साडेआठ तरी हवे होते. पण काट्यापेक्षा टेप जास्त सांगते. पुढच्या तपासणीला पोटाची उंची किती सेंमी भरली ते विचार. ३१ आठवड्यांना ३१ च्या दोन-तीन इकडेतिकडे हवी.
खाणं सहा वेळा, थोडं थोडं. जेवताना पाणी-चहा नको, त्यानेच पोट भरतं. वरण-भातावर दोन चमचे तूप, मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे-गूळ, चालत असेल तर अंडं.

मानपाडा_ठाणे
अपडेट. लघवीत प्रोटीन नाही. गोड पाण्यानंतरची साखर १४६ आली. १४० च्या पुढे म्हणून डॉक्टरांनी दोन आठवडे डाएट दिलंय, मग जेवणानंतर दोन तासांची साखर बघणार, १२० च्या आत हवी म्हणाल्या. नाही आली तर औषध किंवा इन्सुलिन. एकूण किती वाढू द्यायचं विचारलं तर म्हणाल्या ११ च्या आत. नणंदेच्या डॉक्टरांनी तिला, तेवढ्याच वजनाला, १५ सांगितले होते.

निवांत_वाशी
मग मी १० ते १२ म्हटलं ते बरोबरच होतं ना?

सिस्टरकाकू
तिच्यापुरतं नशिबाने जुळलं गं.

कोपरखैरणे_९
टेप २७ भरली. शनिवारी ग्रोथ स्कॅन आणि डॉपलर सांगितलाय. आईला अजून काही बोलले नाहीये.